कुडता आणि स्नीकर्स

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात निवेदनाचे काम दहावीच्या एका विद्यार्थ्याकडे होते. पांढरा कुडता आणि पायजमा घालून तो घरून निघाला खरा; पण वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. दुसरी वहाण घरी नव्हती. तेव्हा त्याने परतून खेळाचे रोजचे बूट, ज्यांना हल्ली स्नीकर्स म्हणतात, तेच पायांत चढविले. तो रंगमंचावर येताच मागील बाकांवरून हशा उठला आणि बिचाऱ्याचे पहिले वाक्य घशातच अडकले. आश्चर्य असे, की त्याच दिवशी एक तरुण पाहुणे कुडता आणि स्नीकर्स याच वेषात आले होते. त्यांना मात्र कोणी हसले नाही. उलट पुष्कळांनी त्यांच्या वेषाचे कौतुकच केले!

एकच जोड एकास शोभावी आणि दुसऱ्यास शोभू नये, याचे कारण काय असावे? आम्ही दोघांच्या पायांकडे निरखून पाहिले, आणि ते आमच्या ध्यानात आले.

पहिले कारण पायजम्याच्या मोहरीत होते. मोहरी म्हणजे पायजम्याचा पायाशी येणारा घेर. आमच्या विद्यार्थ्याच्या पायजम्याची मोहरी वीस इंच होती आणि लांबी जमिनीस टेकणारी. असा पायजमा वहाणेवर सुरेख दिसतो, कारण वहाण सपाट असते व कापड तिच्यावर मोकळे पडते. स्नीकर्सला मात्र उंची आणि जाडी असते. कापड त्यावर अडते, त्याच्या चुण्या साचतात आणि बुटाचे तेवढे टोक बिळातून डोकावणाऱ्या उंदरासारखे बाहेर दिसते. पाहणाऱ्यास वाटते, की याने हाताला लागेल ते घातले. पाहुण्यांची विजार अरुंद मोहरीची होती व घोट्याच्या हाडाशी संपत होती. तिच्याखाली बूट संपूर्ण दिसत होता. जे उघडपणे दाखविले आहे ते ठरवून घातले आहे, अशीच पाहणाऱ्याची समजूत होते.

दुसरे कारण खुद्द बुटाचे. धावण्याच्या बुटांचे तळ जाड असतात आणि त्यांवर भडक रंगांचे पट्टे असतात. कुडत्याची रेघ सरळ आणि शांत. तिच्याखाली असे बूट परके वाटतात. पातळ तळाचा, एकरंगी, घोट्याखाली संपणारा कॅनव्हासचा किंवा चामड्याचा बूट तिच्याशी जुळतो. शिवाय पायमोजे बुटाच्या वर दिसता कामा नयेत. घोटा आणि बूट यांच्यामधील पांढरी पट्टी सारी शोभा घालविते. आखूड मोजे याचसाठी मिळतात.

तिसरे कारण स्वच्छता. मळकी वहाण खपून जाते, पण पांढऱ्या कुडत्याखाली मळका बूट लपत नाही.

एवढे कळल्यावर आम्ही त्या मुलाला गावातील शिंप्याकडे नेले. मोहरी किती कमी करावी, हा प्रश्न निघाला. मुलाने दहा इंच सांगितली. शिंपी हसला व त्याने टाचेपासून पायाच्या उंचवट्यावरून फीत फिरविली. माप साडेबारा इंच भरले. साध्या कापडाची मोहरी याहून कमी केली, तर पाऊल आत जाणारच नाही! चुडीदाराची मोहरी अरुंद असूनही पाय जातो, कारण त्याचे कापड तिरके बेतलेले असल्यामुळे ताणले जाते. शेवटी चौदा इंच ठरली आणि लांबी घोट्याच्या हाडापर्यंत घेतली. बूट जुनेच, परंतु सुदैवाने त्याच्या शाळेच्या कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घरी पडून होते. दातांच्या जुन्या ब्रशाने आणि साबणाने ते घासले व साबण पुरता निघेपर्यंत धुतले. साबण राहिला, तर वाळताना पिवळे डाग पडतात. मग ते सावलीत वाळविले. नाड्या वेगळ्या धुऊन दोन्ही बाजूंनी सारख्या ओढून बांधल्या.

या जोडीला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. सुती किंवा खादीच्या कुडत्यास ती शोभते. जरीच्या शेरवानीखाली नाही. जेथे पादत्राणे वारंवार काढावी लागतात, त्या देवळात वा पूजेच्या घरी नाड्यांचा बूट म्हणजे खोळंबा. तेथे वहाणच बरी. मुलींनाही हाच नियम लागू पडतो: कुडत्याखाली घोट्याशी संपणारी सरळ विजार असावी, पायघोळ नसावी.

जानेवारीत पारितोषिक वितरण झाले. निवेदन त्याच मुलाकडे होते आणि वेषही तोच, कुडता आणि बूट. या वेळी मागील बाकांवरून हशा आला नाही. पहिले वाक्य त्याने स्पष्ट आवाजात म्हटले.