घरोपा की घरोबा? रोपवाटिकेचे नाव आणि रिकाम्या हँडलचा शोध

वापरात नसलेली हँडल विकण्याचा बाजार ‘एक्स’ या समाजमाध्यमाने मांडल्याची बातमी आली तेव्हा चर्चा रंगली ती दुर्मीळ नावांच्या किमतींची. या बातमीचा खरा धसका मात्र ज्यांनी घ्यायला हवा, ते लहान व्यावसायिक त्या चर्चेत फारसे दिसले नाहीत. घरात ठेवण्याची रोपे ऑनलाइन विकणारी रोपवाटिका ही अशा व्यवसायांपैकीच एक असून, तिला रस्त्यावरची पाटी नसते आणि ग्राहकाला वाटेत दिसणारी हिरवळही नसते. तिचे हँडल, म्हणजे समाजमाध्यमावर खाते ओळखण्यासाठी लिहिले जाणारे एकमेव रोमन नाव, हेच तिचे दुकान असते. साहजिकच या व्यवसायात नाव सुचणे आणि नाव मिळणे ही दोन वेगळी कामे झाली आहेत, आणि मराठीत श्लेष करून नाव ठेवू पाहणाऱ्यांची अडचण या दोहोंच्या मधोमध आहे.

श्लेषासाठी मराठी वनस्पतिशब्द विलक्षण अनुकूल आहेत. खोड म्हणजे झाडाचा बुंधा आणि वाईट सवयही. ‘झाडून’ या शब्दात झाडही आहे आणि ‘एकूण एक’ हा अर्थही. मुळाशी जाणे, पालवी फुटणे हे वाक्प्रचार तर वनस्पतीच्या अवयवांवरूनच आलेले आहेत. त्यामुळे पुण्यातील एखादी नवी रोपवाटिका मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली अशी सावलीत तगणारी रोपे विकायला निघाली, तर तासाभराच्या बैठकीत ‘रोपवे’, ‘झाडाझडती’, ‘कुंडली’, ‘मुळाशी’, ‘पानोपानी’ आणि ‘घरोपा’ अशी सहा नावे सहज कागदावर येतील. ‘घरोपा’ हा यांतला खास घडवलेला शब्द आहे: घर आणि रोप यांचा सांधा जुळवताना ‘घरोबा’ या ओळखीच्या शब्दातले एकच अक्षर बदलले आहे, आणि रोपाशी जुळणारे घरगुती नाते त्या एका अक्षरातून व्यक्त होते.

ही सहा नावे देवनागरीत वाचताना आनंद देतात. रोमन लिपीत उतरवली की त्यांची परीक्षा सुरू होते. ‘कुंडली’ kundli होते आणि शोधयंत्रावर भविष्य व पत्रिका सांगणाऱ्यांच्या गर्दीत रोपे कुठल्या कुठे हरवतात. ‘रोपवे’ची अवस्था आणखी बिकट आहे, कारण ropeway लिहिले तर डोंगरावरचे पाळणे समोर येतात आणि ‘रोप’ या शब्दाला जागून ropway लिहिले तर ग्राहक त्यात मधले e हमखास घालतो. ‘मुळाशी’ mulashi असे लिहिले की पुण्याजवळच्या मुळशीच्या इतके निकट जाते की धरणाच्या सहली आणि रोपांच्या कुंड्या एकाच शोधात येतात. शिवाय ‘ळ’साठी रोमन लिपीत स्वतंत्र अक्षर नसल्याने ज्या नावात तो आहे, त्याचा निम्मा गोडवा लिप्यंतरातच जातो. ‘पानोपानी’तले पान pan लिहावे तर आयकराच्या कार्डाची आणि paan लिहावे तर विड्याच्या टपरीची आठवण होते.

लिप्यंतराची कसोटी घेण्याची एक सोपी रीत आहे. नाव उच्चारून पाच-सहा जणांना ऐकवावे, कागदावर काहीही न दाखवता त्यांना ते मोबाइलवर रोमन लिपीत लिहायला सांगावे आणि किती वेगवेगळी रूपे येतात ते पाहावे. ‘झाडाझडती’च्या ‘झ’साठी कोणी jh लिहील, कोणी z, तर कोणी zh, शेवटच्या ‘डती’त कोणी a घालील, कोणी घालणार नाही. म्हणजे लिहिणारा आपल्या सवयीशी पूर्ण प्रामाणिक राहिला तरी jhadajhadti पासून zadazadati पर्यंत सहा रूपे संभवतात, आणि त्यांतले एकच रोपवाटिकेचे असणार. ‘घरोपा’त मात्र ळ नाही, ण नाही, झ नाही, शब्दाच्या पोटात दीर्घ आकारही नाही, बहुतेक जण gharopa असेच लिहितील.

पुढची कसोटी त्या-त्या माध्यमाच्या नियमांची असून ती कोरडी असली तरी निर्णायक आहे. ‘एक्स’वर हँडल जास्तीत जास्त १५ अक्षरांचे असते आणि त्यात रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा एवढेच चालते, इन्स्टाग्राम ३० अक्षरे देते आणि टिंबही चालवून घेते, फेसबुकच्या पानाच्या नावाला किमान ५ अक्षरे लागतात, तेथे अधोरेषा चालत नाही आणि टिंब दिले तरी ते मोजले जात नाही. संकेतस्थळाच्या पत्त्यात, म्हणजे डोमेनमध्ये, संयोगचिन्ह चालते, पण टिंब नावाचा भाग होत नाही आणि अधोरेषा तर चालतच नाही. हे सर्व नियम एकमेकांवर ठेवून पाहिले की सगळीकडे एकसारखे राहू शकेल अशा नावाचा साचा आपोआप ठरतो: ५ ते १५ रोमन अक्षरे, मध्ये कोणतेही चिन्ह नाही. gharopa सात अक्षरांचे आहे. ते कुणी आधीच घेतलेले असेल तर gharopaplants हे तेरा अक्षरांचे किंवा gharopanursery हे चौदा अक्षरांचे रूपही या साच्यात बसते. असे शेपूट लावण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लंडनमधील ‘पॅच’ या घरगुती रोपे विकणाऱ्या कंपनीनेही patchplants.com असाच पत्ता घेतला, कारण patch हा इतका सामान्य शब्द रिकामा मिळण्याची आशाच कुणी धरू नये. शेपूट मात्र पहिल्या दिवसापासून सर्व माध्यमांवर एकच हवे. एका ठिकाणी plants, दुसऱ्या ठिकाणी nursery आणि तिसऱ्या ठिकाणी अधोरेषा अशी विभागणी झाली की खोटे खाते काढून आगाऊ पैसे उकळणाऱ्याचे फावते. फेसबुकला ghar.opa आणि gharopa एकच वाटतात, इन्स्टाग्रामवर ती दोन वेगळी खाती ठरतात, हा बारकावा अशा वेळी महागात पडतो.

हँडल रिकामे आहे की नाही हे पाहण्यात सर्वांत जास्त फसगत होते. शोधपेटीत नाव दिसले नाही, किंवा त्या नावाच्या पत्त्यावर हे पान उपलब्ध नाही असा संदेश आला, म्हणजे नाव मोकळे आहे असे नव्हे. मालकाने खाते तात्पुरते बंद ठेवले असेल, माध्यमाने ते निलंबित केले असेल किंवा नाव राखून ठेवलेले असेल, तरी बाहेरून दिसणारा संदेश तसाच असू शकतो. एकाच वेळी अनेक माध्यमे तपासून देणारी संकेतस्थळे बहुधा अशा बाह्य खुणांवरच विसंबतात, म्हणून त्यांचा होकार कच्चा समजावा. पक्के उत्तर एकाच ठिकाणी मिळते: नवे खाते उघडताना किंवा असलेल्या खात्याचे नाव बदलताना त्या चौकटीत नाव लिहून पाहिले की माध्यम स्वतःच ते स्वीकारते किंवा नाकारते. डोमेनसाठी .in आणि .com दोन्ही पाहावेत; .in ची नोंदणी सरकारच्या पुढाकाराने स्थापन झालेली ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते आणि तेथे जो आधी येईल त्याला नाव मिळते. देवनागरीतून ‘.भारत’ हा पत्ताही २०१४ पासून मिळतो आणि मराठी श्लेषासाठी तो मोहक आहे. परंतु समाजमाध्यमांची हँडल प्रामुख्याने रोमनच असल्याने तो मुख्य पत्त्याच्या जोडीला ठेवणे हिताचे.

‘घरोपा’ येथवर निभावला तरी त्याची सर्वांत मोठी अडचण अजून शिल्लक राहते, आणि ती त्याच्या सौंदर्यातच आहे. श्लेष साधण्यासाठी नवे नाव ओळखीच्या शब्दाच्या अगदी जवळ असावे लागते. हँडलसाठी आणि कायद्यासाठी मात्र ते इतर नावांपासून दूर असावे लागते. फोनवर ‘घरोपा’ ऐकणारा ग्राहक ‘घरोबा’ समजून gharoba लिहिणार हे धरूनच चालावे, आणि त्या नावाने घरसजावटीचा किंवा कुंड्यांचा व्यवसाय आधीपासून चालत असेल तर प्रकरण केवळ चुकलेल्या ग्राहकापुरते राहत नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा ‘सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स’ हा २००४ चा निकाल नाव शोधणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगा आहे. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावाच्या अक्षरांपासून Sify हा शब्द घडवला होता आणि १९९९ पासून त्यावर आधारित डोमेन घेतले होते. दुसऱ्या कंपनीने पुढे siffynet या नावाने व्यवसाय सुरू केला. एका f चा फरक होता, आणि आपले नाव आपण स्वतंत्रपणे घडवले असे त्या कंपनीचे म्हणणे होते. बंगळुरूच्या दिवाणी न्यायालयाने पहिल्या कंपनीच्या बाजूने दिलेला मनाईहुकूम उच्च न्यायालयाने उठवला, पण सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी लिहिलेल्या या निकालातून ठरले ते असे की, डोमेन हा केवळ पत्ता नसून व्यवसायाची ओळख आहे, त्यामुळे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा कायदा, ज्याला वकिली भाषेत ‘पासिंग ऑफ’ म्हणतात, त्यालाही लागू होतो. थोडक्यात, माध्यमाने हँडल दिले म्हणजे ते वापरण्याचा हक्क मिळाला असे नाही. माध्यम अक्षरे जुळतात का एवढेच पाहते, तर न्यायालय ती उच्चारली असता ग्राहकाचा गोंधळ होईल का हे पाहते.

याच कारणाने व्यापारचिन्हाचा शोध हँडलच्या शोधाबरोबरच व्हायला हवा. केंद्र सरकारच्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध कुणालाही विनामूल्य घेता येतो आणि तेथे उच्चारसाम्यावरून शोधण्याची सोय आहे. जिवंत रोपे वर्ग ३१ मध्ये, किरकोळ विक्रीची सेवा वर्ग ३५ मध्ये आणि मातीच्या किंवा चिनी मातीच्या कुंड्या वर्ग २१ मध्ये येतात. ‘घरोपा’साठी या तिन्ही वर्गांत gharopa आणि gharoba ही दोन्ही रूपे पाहिल्याशिवाय शोध पुरा होत नाही. श्लेषाचा येथे एक फायदाही आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम ९ नुसार मालाचे नुसते वर्णन करणारे नाव सहसा नोंदले जात नाही, त्यामुळे ‘घरातली रोपे’ हे हँडल रिकामे मिळाले तरी त्याला चिन्ह म्हणून संरक्षण मिळणे अवघड आहे. घडवलेला शब्द या बाबतीत बराच बळकट ठरतो.

या सहा नावांत ‘घरोपा’ उजवे आहे, मात्र gharoba या नावाचा कुणी जवळचा व्यावसायिक त्या तीन वर्गांत आढळला तर त्याचा मोह सोडून द्यावा. तसे कुणी नसेल तर डोमेन आणि तिन्ही माध्यमांवरची हँडल एकाच दिवशी, एकाच ईमेलवरून घ्यावीत, gharoba चे डोमेन मोकळे असल्यास तेही घ्यावे, आणि कुंड्यांवरची लेबले छापायला देण्यापूर्वी व्यापारचिन्हाचा अर्ज दाखल करावा. अर्ज प्रत्येक वर्गासाठी वेगळे शुल्क घेऊन स्वीकारला जातो, आणि मंजूर झालेली नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते.