साडेतीन सेंटिमीटर पाणी आणि हिमोग्लोबिनचे वजन

पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, कारण त्याची साल पाण्याला आत येऊ देते, पण आतल्या साखरेला सहज बाहेर जाऊ देत नाही. अशा निवडक आडकाठीला अर्धपार्य पटल म्हणतात आणि त्यातून द्रावक एका बाजूने दुसरीकडे जाण्याच्या क्रियेला परासरण. पटलाच्या एका बाजूला शुद्ध पाणी आणि दुसऱ्या बाजूला द्रावण ठेवून द्रावणाला उभी नळी जोडली, तर पाणी आत शिरत राहते आणि नळीतली पातळी चढते. चढलेल्या स्तंभाचा भार एका क्षणी आत येणाऱ्या पाण्याला पुरून उरतो आणि पातळी थांबते. हा थांबवणारा दाब म्हणजे परासरण दाब.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने १८७७ साली हा दाब नीट मोजून दाखवला. मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत त्याने कॉपर फेरोसायनाइडचा पातळ थर बसवला होता. एक टक्का साखरेच्या द्रावणाने सुमारे ५३ सेंटिमीटर पारा उचलून धरला, म्हणजे सात मीटरांहून उंच पाण्याचा स्तंभ. फेफरच्या आकड्यांवरून डच रसायनशास्त्रज्ञ याकोबुस व्हान्ट हॉफ याने काढलेला निष्कर्ष मात्र फेफरच्या मनात नव्हता. विरल द्रावणाचा परासरण दाब वायूच्या दाबासारख्याच नियमाने चालतो, असे त्याला दिसले. सूत्र असे:

`Π = cRT/M`

यात Π हा दाब, c म्हणजे एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे ग्रॅम, R हा वायू स्थिरांक, T हे निरपेक्ष तापमान आणि M हे पदार्थाचे मोलीय वस्तुमान, म्हणजे एक मोल रेणूंचे ग्रॅममधले वजन. सूत्राचा गाभा असा, की दाब रेणूंची डोकी मोजतो. प्रत्येक डोके किती जड आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. म्हणून ठरावीक ग्रॅम पदार्थ घेतला आणि दाब कमी आला, तर रेणू थोडे आणि म्हणून जड, असे म्हणता येते.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी खरोखर अडलेला होता. रक्ताला लाल रंग देणाऱ्या या प्रथिनात लोह असते आणि त्याचे प्रमाण वजनाच्या सुमारे ०.३३५ टक्के असल्याचे रासायनिक विश्लेषणातून माहीत होते. लोहाचा अणुभार ५५.८५. एका रेणूत लोहाचा एकच अणू आहे असे धरले, तर रेणूचे मोलीय वस्तुमान सुमारे १६,७०० येते. पण दोन अणू असतील तर दुप्पट, चार असतील तर चौपट. विश्लेषणातून फक्त पाढा मिळतो, त्यातली ओळ कोणती हे कळत नाही. १९०७ साली ह्यूफनर आणि गान्सर यांनी परासरण दाबावरून सोळा हजारांच्या आसपासचा आकडा काढला होता. तो एका लोहाच्या हिशेबाशी इतका जुळला, की त्यावर शंका घेणे अनेकांना अनावश्यक वाटले.

केंब्रिजच्या गिल्बर्ट अडेअर याने ती शंका घेतली आणि १९२५ साली निकाल प्रसिद्ध केला. मोलीय वस्तुमान ६७,००० च्या जवळपास होते, म्हणजे एका रेणूत लोहाचे चार अणू. त्याचे उपकरण साधे होते. कलोडियनची, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची, पातळ पिशवी. तिच्यात हिमोग्लोबिनचे द्रावण. पिशवीला जोडलेली बारीक काचनळी. आणि बाहेर ठरावीक क्षारांचे द्रावण. काम शून्य अंशाच्या आसपास चाले, कारण उबेत प्रथिन बिघडते आणि जिवाणू त्याचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा वेगळे डोके म्हणून मोजला जातो, त्यामुळे सडलेल्या नमुन्याचा रेणू हलका भासतो. पातळी स्थिर होण्यासाठी दिवसच्या दिवस थांबावे लागे.

आता मोजायचे काय असते ते पाहू. लिटरमागे १० ग्रॅम हिमोग्लोबिन, तापमान शून्य अंश आणि M ६७,००० धरले, तर सूत्रानुसार पाण्याचा स्तंभ चढतो सुमारे साडेतीन सेंटिमीटर. तितक्याच ग्रॅम साखरेने सात मीटर उचलले होते. प्रथिनाचा रेणू साखरेच्या जवळजवळ दोनशे पट जड असल्याचा हा परिणाम. साडेतीन सेंटिमीटर साध्या पट्टीने मोजता येतात. रेणूंची संख्या सांगणारी दुसरी पद्धत म्हणजे गोठणबिंदूतली घट, आणि तिथे याच द्रावणाची घट येते ०.०००३ अंशांहून कमी. शिवाय त्यात लिटरमागे एक सहस्रांश मोल मीठ चुकून राहिले, तर एकट्या मिठाची घट तिच्या तेरा पट होते. परासरणात ही अडचण उरत नाही, कारण मीठ पटलातून आरपार जाते आणि दोन्ही बाजूंना वाटले जाते. मोठ्या रेणूंसाठी ही पद्धत निवडण्याचे खरे कारण हेच.

पण व्हान्ट हॉफचे सूत्र फक्त फार विरल द्रावणांना लागू पडते. प्रथिनाचे रेणू जागा व्यापतात. एकाने अडवलेल्या जागेत दुसरा शिरू शकत नाही, त्यामुळे द्रावण दाट होत जाते तसा दाब अपेक्षेपेक्षा जास्त वाढतो. विरल द्रावण घ्यावे, तर स्तंभ इतका आखूड की वाचनातली चूकच मोठी. दाट घ्यावे, तर सूत्र लागू नाही. यातून वाट अशी काढतात की अनेक दाटपणांची द्रावणे मोजायची, प्रत्येकाचा दाब त्याच्या दाटपणाने भागायचा आणि हे भागाकार आलेखावर मांडून रेषा शून्य दाटपणापर्यंत मागे न्यायची. त्या टोकाला रेणू एकमेकांपासून दूर असतात आणि सूत्र खरे ठरते.

हिशेबाची रीत कळावी म्हणून हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाचे नमुन्याचे आकडे घेऊ. शून्य अंशाला १० ग्रॅम प्रति लिटर द्रावणाचा स्तंभ ३.६१ सेंटिमीटर, २० ग्रॅमचा ७.५२ आणि ४० ग्रॅमचा १६.२४ सेंटिमीटर आला, असे समजू. दाटपणाने भागल्यावर ०.३६१, ०.३७६ आणि ०.४०६ मिळतात. दर १० ग्रॅममागे ०.०१५ ची वाढ आहे, म्हणजे बिंदू एका सरळ रेषेत आहेत. रेषा मागे नेली की शून्याला ०.३४६ येतात. शून्य अंशाला RT चे मूल्य सेंटिमीटर पाण्याच्या एककात सुमारे २३,१६० असते, त्याला ०.३४६ ने भागले की उत्तर ६७,०००. फक्त ४० ग्रॅमचे वाचन घेऊन समाधान मानले असते, तर ५७,००० आले असते. १० ग्रॅमच्या वाचनावरूनही ६४,००० च. रेषेचा उतारही वाया जात नाही, कारण रेणू एकमेकांना किती दूर सारतात हे तो सांगतो.

प्रथिनांत याहून दगाबाज चूक विद्युतभाराची. प्रथिनावर दहा ऋण भार असतील, तर ते झाकणारे दहा धन आयन त्याला सोडून पटलापलीकडे जाऊ शकत नाहीत. क्षार अजिबात नसेल तर एका रेणूऐवजी अकरा डोकी मोजली जातात आणि ६७,००० चा रेणू सहा हजारांचा दिसतो. याला डोनन परिणाम म्हणतात. उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना भरपूर क्षार ठेवणे. लिटरमागे ०.१ मोल मीठ असले, की वरच्या १० ग्रॅमच्या द्रावणातली चूक चार टक्क्यांच्या आत येते, आणि द्रावण विरल करत नेले की तीही विरते. द्रावणाची आम्लता अशी ठेवली की प्रथिनावर निव्वळ भार जवळजवळ उरत नाही, तर आणखी चांगले. संशय आला तर क्षार वाढवून पुन्हा मोजावे. दाब लक्षणीय उतरला, तर आधीच्या आकड्यात आयनांचा वाटा होता हे नक्की.

पटल गळत असेल तर वेगळी खूण दिसते. पातळी चढते, पण ठरत नाही. शिखर गाठून हळूहळू उतरू लागते, कारण मोजायचे रेणूच बाहेर जात असतात. हिमोग्लोबिनच्या बाबतीत निसर्गानेच सोय केली आहे: बाहेरचे द्रावण लालसर झाले की पिशवी फेकावी. तापमानाकडेही दुर्लक्ष चालत नाही. मोठी पिशवी आणि बारीक नळी ही रचना तापमापकासारखीच असते, त्यामुळे खोली अंशभर तापली तरी पातळी हलते आणि त्याचा परासरणाशी काही संबंध नसतो. बारीक नळीत केशाकर्षणाने चढलेले पाणीही वजा करावे लागते.

अडेअरच्या निकालाला लगेचच १९२६ साली पुष्टी मिळाली. स्वीडनमध्ये स्वेडबर्ग आणि फोरेउस यांनी हिमोग्लोबिनचे द्रावण अतिवेगाने फिरवून, अगदी वेगळ्या तत्त्वाने, तोच आकडा काढला. आज माणसाच्या हिमोग्लोबिनचे मोलीय वस्तुमान सुमारे ६४,५०० मानले जाते. पिशवी आणि नळीच्या जोरावर काढलेला आकडा त्यापासून चार टक्केच दूर होता.

बहुवारिकांकडे वळले की प्रश्नच थोडा बदलतो. हिमोग्लोबिनचे सगळे रेणू सारखे असतात, पण पॉलिस्टायरीनच्या नमुन्यात लहानमोठ्या साखळ्यांची सरमिसळ असते, त्यामुळे मिळते ती सरासरी. दाब डोकी मोजत असल्याने ही सरासरी संख्येची असते. दहा हजार आणि एक लाख मोलीय वस्तुमानाच्या साखळ्या समान वजनाने मिसळल्या, तर उत्तर पंचावन्न हजार येत नाही, सुमारे १८,२०० येते, कारण त्याच वजनात लहान साखळ्या दहापट असतात. प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजले तर जड साखळ्यांना झुकते माप मिळते आणि पंचावन्न हजारच येतात. दोन आकड्यांतली ही तफावत नमुना किती मिश्र आहे ते सांगते. लवचीक साखळ्यांच्या आलेखाचा उतारही द्रावकावर अवलंबून असतो. पॉलिस्टायरीन सायक्लोहेक्झेनमध्ये सुमारे ३४.५ अंशांना विरघळवले, तर तो जवळजवळ सपाट होतो आणि रेषा मागे नेणे सोपे जाते.

पद्धतीच्या मर्यादा दोन्ही टोकांना आहेत. साधारण वीस हजारांच्या खालच्या साखळ्या नेहमीच्या पटलांतून निसटतात, आणि लहान साखळ्या निसटल्या की उरलेल्यांची सरासरी खोटी वाढते. वरच्या टोकाला पाच लाखांच्या बहुवारिकाचे लिटरमागे पाच ग्रॅमचे द्रावण जेमतेम अडीच मिलिमीटर पाणी उचलते. आताच्या उपकरणांत उंच नळीऐवजी पटलामागे दाबसंवेदक असतो, त्यामुळे दिवसांचे काम मिनिटांवर येते. तरीही अनेक दाटपणांची वाचने घेणे आणि रेषा शून्यापर्यंत मागे नेणे त्यांनाही चुकलेले नाही.