एक लेन, पाच जण आणि ४५ मिनिटं: किती मीटर होतील?

२५ मीटरचा तलाव. एकाच लेनमध्ये पाच जण, एका बाजूने जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. निघताना भिंतीपाशी प्रत्येकाने पुढच्यापेक्षा १० सेकंद उशिरा निघायचं. काम एकच: १०० मीटर पोहा, थोडं थांबा, पुन्हा १०० मीटर. बॅच ४५ मिनिटांची, म्हणजे २७०० सेकंदांची. तर शंभराचे किती तुकडे होतील?

आधी शब्द पक्के करू. ‘लॅप’ म्हटलं की कुणी २५ मीटर मोजतं, कुणी जाऊन-येऊन ५०. म्हणून मी ‘लांबी’ म्हणजे २५ मीटर, ‘फेरी’ म्हणजे ५० आणि ‘तुकडा’ म्हणजे १०० मीटर असं धरते. वहीत एकक लिहिलं नाही तर उत्तर थेट दुप्पट किंवा निम्मं होतं.

पाच जणांना १०० मीटरला लागणारा वेळ असा: अ ११० सेकंद, ब ११५, क आणि ड १२०, इ १३०. अ सगळ्यात पुढे, इ सगळ्यात मागे. प्रत्येक जण दर १५० सेकंदांनी नवा तुकडा सुरू करतो. म्हणजे अ ला ४० सेकंद विश्रांती मिळते, इ ला २०.

पटकन सुचणारं गणित म्हणजे २७०० भागिले १५०, बरोबर १८. पण हे चुकतं. १८ तुकड्यांच्या सुरुवातींमध्ये मोकळ्या जागा १७ असतात, आणि शेवटच्या तुकड्यानंतर विश्रांती नको असली तरी तो पोहून संपवावा लागतो. शिवाय इ मुळातच ४० सेकंद उशिरा निघाला आहे. म्हणून शेवटच्या माणसासाठी:

```
T = (N - 1) × I + (n - 1) × g + t
```

N तुकडे, I दोन सुरुवातींमधला वेळ, n माणसं, g अंतर आणि t शेवटच्याचा पोहण्याचा वेळ. १८ तुकड्यांना १७ × १५० + ४० + १३० = २७२० सेकंद. शिट्टी वाजेल तेव्हा ड नुकताच भिंतीला हात लावत असेल आणि इ अजून पाण्यात असेल, २० सेकंद मागे. १७ तुकड्यांना २५७० सेकंद, म्हणजे ४२ मिनिटं ५० सेकंद. उत्तर १७: १७०० मीटर, ६८ लांब्या किंवा ३४ फेऱ्या.

सूत्रात ४० सेकंद एकदाच आले आहेत, १७ वेळा नाहीत. कारण प्रत्येक जण घड्याळावर स्वतःच्या वेळेला निघतो. सुरुवातीचा उशीर तसाच पुढे सरकत राहतो, वाढत नाही. पण बऱ्याच लेनमध्ये ‘सगळे आले की निघू’ असं चालतं. मग अ ला प्रत्येक वेळी इ ची वाट पाहावी लागते. इ १७० व्या सेकंदाला येतो, त्यानंतर २० सेकंद थांबलं तर पुढची सुरुवात १९० ला. आता १३ × १९० + १७० = २६४०, म्हणजे फक्त १४ तुकडे. प्रत्येकाचे ३०० मीटर गेले. ते अंतराने खाल्ले नाहीत, वाट पाहण्याने खाल्ले.

मग सहावा माणूस, फ, बसेल का? अ ५० मीटर करून ५५ व्या सेकंदाला भिंतीवर येतो, फ त्याआधी ५० ला निघून गेलेला असतो. कागदावर जागा आहे. पण फ चा वेग इ इतकाच असेल, तर त्याची फेरी ६५ सेकंदांची आणि अ ची ५५ ची. अ फक्त ५ सेकंद मागे आहे आणि प्रत्येक लांबीत ५ सेकंद भरून काढतो. म्हणजे समोरच्या भिंतीवर, ८२.५ व्या सेकंदाला, तो फ ला गाठतो. फ ने तिथे कोपऱ्यात थांबून वाट दिली तर चालेल. नाही दिली तर अ फ च्याच वेगाने परत येईल. पाच जण असताना अ इ च्या १५ सेकंद मागे वळतो आणि त्यातले १० भरून निघतात, म्हणून ५ शिल्लक राहतात. थोडक्यात, माणसं किती हे मोजून भागत नाही, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू यांच्यातला फरकही लागतो.

हे सगळं ‘वेग शेवटपर्यंत तोच’ या गृहीतकावर उभं आहे. ते तुटतंय का, हे फक्त इ कडे बघून कळतं. त्याचा दहावा तुकडा २५ मिनिटं २० सेकंदांना संपायला हवा. २५:३० झाले तर त्याची अर्धी विश्रांती संपली. २५:४० झाले तर त्याला निघायची वेळ झालेलीच आहे. I वाढवा, नाहीतर त्याचा एक तुकडा सोडा.

आणि मोजणी हरवली तर? तलावावरच्या ६० सेकंदांच्या घड्याळात अ विषम तुकड्यांना ० वर आणि सम तुकड्यांना ३० वर निघतो. तो २५:०० ला निघत असेल तर १५०० भागिले १५०, म्हणजे दहा झाले, अकरावा सुरू. बोटांवर मोजलेला आकडा याच्याशी जुळला नाही, तर मी घड्याळावर विश्वास ठेवते.