वर्गात फिट आली तर : पहिली पाच मिनिटं आणि रोजची गोळी



मिरगी, फिट, आकडी, फेफरं, अपस्मार. नावं अनेक, आजार एकच. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेच्या बारीक संदेशांनी काम सांगत असतात. ते संदेश अचानक, एकाच वेळी आणि बेसुमार सुटले की फिट येते. ती संसर्गाने पसरत नाही. वर्गात किंवा घरी ती आपल्यासमोर आली तर काय करायचं, हे आज सविस्तर पाहू.

समजा, दुपारची सुट्टी संपली आहे आणि पाचवीच्या वर्गात गणित चालू आहे. तिसऱ्या रांगेतला मुलगा एकदम ओरडतो आणि ताठ होऊन खाली पडतो. हे ओरडणं दुखण्याचं नसतं. छातीचे स्नायू आवळल्यामुळे आतली हवा जोराने घशातून बाहेर पडते, त्याचा तो आवाज असतो. दहा-वीस सेकंद तो लाकडासारखा ताठ राहतो आणि ओठ निळसर दिसतात. मग हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो. तेव्हा थुंकी गिळता येत नाही, म्हणून ती फेसाळून बाहेर येते. फेसात रक्त दिसलं तर बहुतेक वेळा जीभ किंवा गाल चावला गेलेला असतो.

अशा वेळी सगळ्यात आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. वेळ लक्षात ठेवा, जमलं तर फळ्यावर लिहा. भेदरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि पुढचा सगळा निर्णय या वेळेवरच होणार आहे. मग बेंच, दप्तर, कंपास बाजूला सारा. त्याच्या डोक्याखाली ओढणी, स्वेटर, जे हाताशी असेल त्याची घडी ठेवा. चष्मा काढा, गळ्याजवळचं बटण आणि कमरेचा पट्टा सैल करा. अंग जरा सैल पडताच त्याला हळूच एका कुशीवर वळवा आणि तोंड किंचित जमिनीकडे राहू द्या, म्हणजे लाळ श्वासनलिकेत न जाता बाहेर गळेल. त्याच्याजवळ थांबा. बाकी मुलांना दुसऱ्या शिक्षकांसोबत व्हरांड्यात पाठवा.

हातपाय दाबून धरू नका. झटके दाबल्याने थांबत नाहीत, उलट खांदा निखळू शकतो. तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालू नका. जीभ चावली जायची ती बहुधा सुरुवातीला जबडा आवळतानाच चावली जाते, चमचा येईपर्यंत उशीर झालेला असतो. वर दात तुटून घशात जाण्याचा धोका, तो वेगळाच. पाणीही पाजू नका.

आता कांदा आणि चपलेबद्दल. आपल्याकडे फिट आली की कोणीतरी कांदा फोडायला धावतं, कोणी चप्पल हुंगवतं, कोणी हातात किल्ली देतं. "आमच्या डोळ्यांदेखत थांबली ना गुरुजी!" असंही लोक सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. चप्पल शोधून नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. फिट स्वतःहून थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. पालकसभेत हे घड्याळ दाखवून समजावलं तर पटतं. चिडून सांगितलं तर नाही पटत.

फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ वर फोन करा. एक फिट थांबून मूल शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली, डोक्याला मार लागला, पाण्यात असताना फिट आली, झटके थांबूनही श्वास नीट चालत नसेल किंवा ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर पाच मिनिटंही थांबू नका. शाळा आडबाजूच्या वस्तीवर असेल तर तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच फोन लावलेला बरा. गाडीला यायला वेळ लागतो, आणि फिट थांबली तर तसं कळवता येतं. झटके चालू असलेल्या मुलाला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेऊ नका. मान लटकते आणि श्वास अडतो.

झटके थांबल्यावर मूल गुंगीत असतं. काही मिनिटं ते अर्धा तास, कधी जास्तही, त्याला काही सुचत नाही. चड्डीत लघवी झालेली असू शकते. ती शुद्धीवर येण्याआधीच ओढणीने झाका आणि कपडे बदलायची सोय करा. फिटपेक्षा ही गोष्ट मुलांना जास्त दिवस जाळते. कोणी मोबाइलवर व्हिडिओ घेतला असेल तर तो डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, पण फक्त डॉक्टरांना आणि पालकांना. गावच्या ग्रुपवर नाही.

एक फिट अशीही असते की कोणी पडतच नाही. मूल पाच-दहा सेकंद एकटक पाहत राहतं, पापण्या किंचित फडफडतात आणि ते पुन्हा लिहू लागतं. दिवसातून असं अनेकदा होऊ शकतं. आपण म्हणतो, "लक्ष कुठंय तुझं?" श्रुतलेखनाची वही पाहा. वाक्याच्या मधलेच दोन-तीन शब्द गायब आणि पुढचं बरोबर, असं वारंवार दिसलं तर रागावण्याआधी पालकांशी बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्या यादीत फिटचा आजार आहे. त्यांना ही वही दाखवा.

आता घरच्यांसाठी. योग्य औषधाने दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. पण सहा महिने फिट आली नाही की घरी वाटतं, बरं झालं, आता गोळ्या कशाला? फिट आली नाही ती गोळ्यांमुळेच. साधारण दोन वर्षं फिटविना गेल्यावर डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात, तेही हळूहळू. एकदम बंद केलं तर लांब, न थांबणारी फिट येऊ शकते. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आईवडील पहाटेच शेतात जातात आणि सकाळची गोळी राहून जाते. अशा घरी गोळीची जबाबदारी आजीला किंवा मोठ्या भावंडाला नेमून द्या आणि कॅलेंडरवर रोज खूण करा. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या यात्रेला जाणारी कुटुंबं आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. श्रद्धेने जरूर जा, पण पिशवीत गोळ्यांची पाकिटं मोजून घ्या आणि मुलाला रात्रभर जागवू नका. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी, फिट परत येण्याची ही दोन अगदी नेहमीची कारणं आहेत.

मुलाला खेळू द्या, कवायतीला उभं राहू द्या. विहीर, तलाव, झाडावर चढणं आणि चूल, या ठिकाणी मात्र एकटं सोडू नका.

मुलींच्या बाबतीत आजार शाळेपासून लपवला जातो, लग्नाच्या भीतीने. हिंदू विवाह कायद्यातून मिरगीचा उल्लेख १९९९ सालीच काढून टाकला आहे, हे आईवडिलांना सांगा. सगळ्या गावाला कळवायची गरज नाही. वर्गशिक्षकाला कळलं पाहिजे. हजेरीपटात एक चिठ्ठी ठेवा : औषधाचं नाव आणि वेळ, फिट सहसा किती वेळ चालते, पालकांचे दोन फोन नंबर, आणि डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कधी वापरायचा. बदली झाली की ही चिठ्ठी नव्या शिक्षकांच्या हातात द्या, नुसती फाइलमध्ये नको.