चौरसाच्या कोपऱ्यात मावणारे वर्तुळ

१० सेंटीमीटर बाजूचा अबकड हा चौरस काढला आणि कंपासचे टोक अ वर ठेवून, बाजूएवढीच त्रिज्या घेऊन ब पासून ड पर्यंत कंस ओढला, की चौरसाचा बराचसा भाग पाव वर्तुळात जातो. समोरच्या क या कोपऱ्याशी एक निमुळती जागा उरते. तिच्या दोन कडा सरळ असतात आणि तिसरी आतल्या बाजूला फुगलेली असते. या जागेत मावणारे सर्वांत मोठे वर्तुळ चौरसाच्या दोन्ही बाजूंना आणि कंसालाही स्पर्श करते. त्याची त्रिज्या शोधण्यासाठी अक हा एकच कर्ण पुरतो.

लहान वर्तुळाचे केंद्र म हे क पाशी मिळणाऱ्या दोन्ही बाजूंपासून सारख्याच अंतरावर आहे, म्हणून ते कर्णावर असते. एकमेकांना स्पर्श करणाऱ्या दोन वर्तुळांचा स्पर्शबिंदू त्यांची केंद्रे जोडणाऱ्या रेषेवर असतो. त्यामुळे कंस आणि लहान वर्तुळ जिथे भेटतात तो बिंदूही कर्णावरच येतो. आता कर्णाचे तीन तुकडे दिसतात. अ पासून स्पर्शबिंदूपर्यंत १० सेंमी, तिथून म पर्यंत लहान त्रिज्या (तिला त्रि म्हणू), आणि उरलेला तुकडा म पासून क पर्यंत.

बहुतेकांचे गणित चुकते ते या तिसऱ्या तुकड्यापाशी. घाईत तोही त्रि एवढाच धरला जातो, म्हणजे कर्ण १० + २त्रि मानला जातो आणि उत्तर सुमारे २.०७ सेंमी येते. पण मग वर्तुळ थेट क मधून जाईल आणि दोन्ही बाजूंच्या बाहेर डोकावेल. ही चूक आकृती नीट काढली तर लगेच कळते, कारण काटकोनाच्या टोकापर्यंत वर्तुळ कधीच पोहोचत नाही. म पासून दोन बाजूंवर लंब टाकले की त्रि बाजूचा एक छोटा चौरस तयार होतो आणि मक हा त्याचा कर्ण ठरतो. म्हणून तिसरा तुकडा √२ × त्रि एवढा असतो.

मोठ्या चौरसाचा कर्ण १०√२ आहे. म्हणून

१०√२ = १० + त्रि + √२ × त्रि

यावरून त्रि = १०(√२ − १) / (√२ + १). छेदाचे परिमेयीकरण केले की त्रि = १०(३ − २√२), म्हणजे जवळपास १.७१६ सेंमी. बाजू कितीही असो, त्रिज्या तिच्या ०.१७१६ पट राहते.

३ − २√२ हे रूप सुटसुटीत असले तरी आकडेमोडीत दगा देते. √२ साठी १.४१ घेतले तर उत्तर ०.१८ येते, म्हणजे खऱ्यापेक्षा जवळपास पाच टक्के जास्त. ३ आणि २.८२ या जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी होताना √२ मधली बारीकशी चूक उत्तराच्या मानाने मोठी होते. तीच राशी १ / (३ + २√२) अशी लिहून १.४१ च ठेवले, तर ०.१७१८ मिळते. वजाबाकी जाऊन बेरीज आली, एवढाच फरक. √२ ची चांगली किंमत वापरणे हाही उपाय आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णासाठी सांगितलेली रीत अशी: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. त्यातून √२ साठी ५७७/४०८ मिळते, आणि आपले गुणोत्तर ३५/२०४ ठरते. १० सेंमीच्या चौरसात या अपूर्णांकाने त्रिज्या १.७१५७ सेंमी येते. चार दशांश स्थळांपर्यंत ती अचूक आहे.

पायथागोरसच्या प्रमेयाने थेट गेल्यास याहून अधिक काही हाती लागते. म हे अ पासून आडवे आणि उभे (१० − त्रि) अंतरावर आहे, आणि अम = १० + त्रि. म्हणून २(१० − त्रि)² = (१० + त्रि)². हे सोडवले की त्रि² − ६०त्रि + १०० = ० हे वर्गसमीकरण मिळते. त्याचे एक मूळ १.७१६ आणि दुसरे ५८.२८. दुसरे मूळ चौरसात मावत नाही म्हणून ते सोडून दिले जाते. प्रश्नापुरते ते योग्यच आहे, पण ते निरर्थक मात्र नाही. कब आणि कड या बाजू वाढवल्या आणि अ भोवतीचे वर्तुळ पूर्ण केले, तर ५८.२८ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ त्याच दोन रेषांना आणि या वर्तुळाला पलीकडच्या अंगाने स्पर्श करते.

५८.२८, १० आणि १.७१६ या तिन्हींत प्रत्येक संख्या आधीच्या ०.१७१६ पट आहे. कारण म भोवतीचा त्रि बाजूचा छोटा चौरस आणि त्यातला लहान वर्तुळाचा पाव भाग ही मूळ आकृतीचीच लहान प्रत असते. त्यामुळे त्याच्याही कोपऱ्यात आणखी लहान वर्तुळ बसते, ०.२९४ सेंमी त्रिज्येचे, मग ०.०५१ सेंमीचे, आणि पुढेही तसेच. कंसापासून क पर्यंतच्या कर्णावर हे सगळे व्यास एकापुढे एक लागतात आणि त्यांची बेरीज १०(√२ − १), म्हणजे ४.१४२ सेंमी, या अंतराला येऊन भिडते.