वर्गणीचा किस्सा

जुन्या मित्रांच्या बैठकीत एखाद्याची जुनी चूक गंमत म्हणून सांगितली जाते, तेव्हा बहुतेक वेळा तिचा शेवट गाळला जातो. समजा, बारा वर्षांपूर्वी एका गणेश मंडळाच्या तरुण खजिनदाराने वर्गणीतले चार हजार रुपये अडचणीत कॉलेजच्या फीसाठी वापरले. हिशेबाच्या दिवशी ते उघड झाले. त्याने सर्वांसमोर कबुली दिली, दोन महिने शिकवण्या घेऊन पैसे फेडले आणि पुढच्या वर्षी मंडळाने त्यालाच पुन्हा खजिनदार केले. जवळचा मित्र मात्र आजही कुठे पैसे गोळा करायची वेळ आली की हसत म्हणतो, "याच्याकडे देऊ नका हं, वर्गणीचा अनुभव आहे!" सगळे हसतात. कबुली, शिकवण्या आणि पुन्हा मिळालेला विश्वास त्या एका वाक्यात कुठेच नसतो.

जुन्या मंडळींना उरलेली गोष्ट ठाऊक असते, त्यामुळे त्यांच्यापुरते काही बिघडत नाही. बिघडते ते बैठकीत नवा माणूस असतो तेव्हा. खजिनदाराची बायको, तिचा भाऊ, ऑफिसातला सहकारी यांच्या हाती फक्त "पैसे खाल्ले होते" एवढेच लागते. खजिनदाराने तिथेच खुलासा करायला घ्यावा, तर तो गंमत न समजणारा ठरतो. गप्प बसावे, तर अर्धीच गोष्ट खरी ठरते. चारचौघांत काढलेली चूक एकांतातल्या बोलण्यापेक्षा जास्त लागते ती या कोंडीमुळे.

सांगणाऱ्याला हे सहसा दिसत नाही. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली चेष्टामस्करीवरचे संशोधन प्रसिद्ध केले. चेष्टा करणाऱ्याला आपला हेतू आतून माहीत असतो, म्हणून ती त्याला निरुपद्रवी वाटते. ज्याची चेष्टा होते त्याच्यापर्यंत तो हेतू तितका पोहोचत नाही, असे त्यातून दिसले. म्हणजे मित्र खरोखरच प्रेमाने बोलत असू शकतो आणि तरीही लागू शकते. विनंती करणाऱ्याने हे आधी ओळखले, तर त्याच्या बोलण्यातला आरोपाचा सूर आपोआप उतरतो.

बोलायची वेळ त्याच बैठकीतली नसावी. तिथे टोकले तर मित्रालाच सर्वांसमोर खाली पाहावे लागते, आणि मग तो मूळ मुद्दा सोडून स्वतःचा बचाव करतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिणेही त्याच कारणाने टाळावे. मात्र फार लांबवणेही बरे नाही, कारण महिन्याभराने मित्राला तो प्रसंग आठवत नाही आणि इतके दिवस हे मनात धरून ठेवले, याचेच त्याला वाईट वाटते. दोन-चार दिवसांत, दोघेच असताना, चहाच्या टपरीवर किंवा स्कूटरवरून परतताना विषय काढणे सोपे जाते. शेजारी शेजारी चालताना किंवा बसलेले असताना नजरेला नजर भिडवावी लागत नाही, आणि अवघड गोष्ट थोडी हलकी होते.

शब्दांची निवड इथे खरी कसोटीची असते. पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाभ्यासकांच्या मांडणीनुसार प्रत्येक माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे आणि कोणी आपल्यावर बंधन घालू नये. "हे बोलू नकोस" या विनंतीने दोन्हींना धक्का लागतो. मित्राचे वागणे चुकले असे त्यात येते, आणि त्याच्या बोलण्यावर लगामही येतो. म्हणून आधी त्याच्या हेतूवरचा विश्वास सांगावा आणि मग मागणी अगदी लहान, नेमकी ठेवावी. खजिनदार असे म्हणू शकेल: "अरे, एक सांगायचं होतं. परवा तू वर्गणीचा किस्सा काढलास ना, तो मला लागला. तुझ्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण हिचा भाऊ पहिल्यांदाच आला होता, त्याला पुढचं काही ठाऊक नाही. बाहेरची माणसं असताना तेवढा विषय नाही काढलास तर बरं होईल."

यात एकच प्रसंग आहे, एकच परिणाम आहे आणि एकच मागणी आहे. "तू नेहमीच असं करतोस" म्हटले की मित्र तसे न केलेल्या वेळा मोजू लागतो. "का काढलास?" या प्रश्नाला खुलासाच द्यावा लागतो, आणि खुलासा देणारा माणूस कबूल होत नाही. "काढू नकोस" हा हुकूम वाटू शकतो, "नाही काढलास तर बरं होईल" यात निर्णय मित्राच्या हाती राहतो. मराठीत आणखी एक खाचखळगा आहे. अरे-तुरेतल्या मित्राला गंभीरपणे बोलायचे म्हणून अचानक "तुम्ही" म्हटले, तर त्यातून आदर न पोहोचता राग पोहोचतो. मैत्रिणी असल्या तर "अगं" म्हणूनच बोलावे, आणि ज्याला एरवी दादा म्हणतो त्याला दादाच म्हणावे. नेहमीचे संबोधन टिकले की नाते जागच्या जागी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मित्राचे पहिले उत्तर बहुधा "अरे, गंमत केली रे, एवढं काय मनावर घेतोस?" असे असते. हा नकार समजू नये. तो सावरायला घेतलेला वेळ असतो. इथे वाद घालत बसले, तर गंमत होती की नव्हती यावरच चर्चा अडकते. "गंमतच होती, मान्य. तरी तेवढं सांभाळ," इतके म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळावे. माफी मागून घेण्याचा हट्ट धरू नये. मित्र पुढच्या बैठकीत काय करतो, त्यावरूनच त्याने ऐकले की नाही ते कळते.

कधी कधी मित्र हसत नाही, अवघडून गप्प होतो. मग वेगळी शक्यता पाहावी लागते. त्या चुकीत त्याचेच काही नुकसान झाले असेल, उदाहरणार्थ हिशेबाच्या दिवशी लोकांची बोलणी त्यालाही खावी लागली असतील, तर किस्सा पुन्हा पुन्हा निघण्यामागे न बोललेली तक्रार असू शकते. अशा वेळी आपली विनंती बाजूला ठेवून "तुझ्या मनात त्याचं अजून काही आहे का?" असे विचारणे आधी येते. ते बोलणे झाल्याशिवाय विषय थांबत नाही.

या विनंतीला एक मर्यादाही आहे. चारचौघांत विषय नको असे म्हणता येते. थेट विचारणाऱ्याशी खोटे बोल, असे मित्राला सांगता येत नाही. उद्या एखाद्या संस्थेने खजिनदार नेमण्याआधी त्या मित्राकडे चौकशी केली, तर पूर्ण गोष्ट, शिकवण्या आणि परतफेडीसकट, सांगायची त्याला मोकळीक असायला हवी.

सांगूनही सवयीने किस्सा पुन्हा निघाला, तर जागच्या जागी लांब खुलासा न करता गाळलेला शेवट शांतपणे जोडावा: "हो, घेतले होते, आणि दोन महिने शिकवण्या घेऊन फेडलेही. जेवायला बसूया?" आवाज चढत नाही, मित्रही उघडा पडत नाही, आणि नव्या माणसाला गोष्ट पूर्ण ऐकायला मिळते. नंतर एकांतात एकदा आठवण करून द्यावी. त्यानंतरही तो ठरवून तेच करत राहिला, तर तो असेल त्या मिश्र बैठकींना खजिनदाराने जायचे की नाही, हे खजिनदारालाच ठरवावे लागते.