रात्रीचे क्रिएटिन झोप उडवते का?

अहिल्यानगरच्या एमआयडीसीतून सुटलेला एखादा तरुण रात्री आठला जिम गाठतो, व्यायामानंतर ५ ग्रॅम क्रिएटिन पाण्यातून घेतो आणि बारापर्यंत कूस बदलत राहतो. दोष पावडरीचा?

शंका अगदीच निराधार नाही. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार आठवडे क्रिएटिन दिलेल्या उंदरांत ही ओढ कमी दिसली, ते झोपलेही कमी. पण ते उंदीर! २०२४ च्या एका छोट्या अभ्यासात रोज ५ ग्रॅम घेणाऱ्या स्त्रिया व्यायामाच्या दिवशी उलट जास्त झोपल्या. सकाळ-रात्र अशी तुलना करून झोप मोजणारे संशोधन मात्र जवळपास नाहीच.

क्रिएटिन चहासारखे तासाभरात तरतरी आणत नाही. रोजच्या मात्रेने ते तीन-चार आठवड्यांत स्नायूंत भरते. त्यामुळे ते सकाळी नाश्त्यासोबत घेतले तरी फायदा बुडत नाही.

खरा संशयित बहुधा व्यायामाआधीचे ‘प्री-वर्कआउट’ असते. त्यातले कॅफिन पाच तासांनंतरही साधारण निम्मे रक्तात उरते. म्हणून आधी दोन आठवडे फक्त तेच बंद करून पाहावे. झोप तरीही लागली नाही, तर मग क्रिएटिन सकाळी न्यावे. दोन्ही एकदम बदलले, तर कारण कळत नाही.